हॅम्बॅग ऐकू आलं, म्हणजे बरोबरच ऐकलंत

*मॅडम, नमस्कार. माझं इंग्रजी वाचन चांगलं आहे, मोठमोठे अहवालही न अडखळता वाचते. पण कुणी भरभर बोलायला लागलं की निम्मं हातून निसटतं. परवा एका मुलाखतीत एक बाई सारखं 'हॅम्बॅग' म्हणत होत्या. शब्दकोशात सापडेना. शेवटी लेखी उतारा काढला, तर तो शब्द 'हँडबॅग' होता! मग ड कुठे गेला? वेग कमी करून पुन्हा ऐकलं, तरी हॅम्बॅगच. दोष माझ्या कानात आहे की त्या बाईच अशुद्ध बोलत होत्या? आणि मीही तसंच बोलायला शिकायचं का? – एक वाचक*

तुमचा कान शाबूत आहे आणि त्या बाईंचं इंग्रजीही. त्या हॅम्बॅगच म्हणाल्या, तुम्ही तेच ऐकलंत. तिथे ड नव्हताच. चूक झाली ती अपेक्षेत: शब्द जसा छापलेला असतो तसाच तो कानावर पडेल, असं तुमच्या मनाने धरलं होतं.

नेमकं काय घडलं ते तुमचं तोंडच तुम्हाला सांगेल. हँडबॅग हा शब्द अगदी सावकाश म्हणा आणि जिभेकडे लक्ष ठेवा. 'न्'साठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि हवा नाकातून जाते. 'ड्'साठी जीभ तिथेच राहते, फक्त नाकाची वाट बंद होते. मग जीभ सुटते आणि 'ब'साठी ओठ मिटतात. आता तोच शब्द एका दमात पाच-सहा वेळा म्हणा. न, ड, ब अशी तीन व्यंजनं लागोपाठ आली की मधल्याला वेळच उरत नाही. आधी ड गळतो आणि न थेट ब-च्या शेजारी येऊन बसतो. पुढचा ब ओठांना बोलावत असतो, त्यामुळे ओठ जरा आधीच मिटतात, नाकाची वाट अजून उघडीच असताना. ओठ मिटलेले आणि हवा नाकातून, याचा अर्थ म. म्हणून हॅम्बॅग.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकामागोमाग घडल्या. पहिली वर्णलोप, म्हणजे ड गळणं. दुसरी समीभवन, म्हणजे न-ने शेजारच्या ब-सारखं होणं. हा क्रम लक्षात ठेवा. जोवर मध्ये ड आहे तोवर तो जिभेला वर धरून ठेवतो आणि न-चा म होत नाही. ड गेला की न-ला म होण्याची वाट मोकळी होते.

हे परकं वाटण्याचं काही कारण नाही. 'संप', 'संत' आणि 'संग' मोठ्याने म्हणा. तिन्ही शब्दांवर टिंब तेच. पण संपमध्ये तुम्ही म् म्हणता, संतमध्ये न् आणि संगमध्ये ङ्. पुढचं अक्षर बघून अनुस्वार आपला सूर बदलतो आणि आपण लहानपणापासून ते बिनबोभाट करत आलो आहोत. पाणिनीने याचा नियमच सांगितला: 'अनुस्वारस्य ययि परसवर्णः'. त्याच्या लगेच पुढचं सूत्र आहे 'वा पदान्तस्य', म्हणजे शब्दाच्या शेवटी हे ऐच्छिक. 'त्वं करोषि' म्हणा किंवा 'त्वङ्करोषि' म्हणा, दोन्ही चालतं. मला हे दुसरं सूत्र फार मोलाचं वाटतं, कारण बोली इंग्रजीत अगदी असंच चालतं. तीच व्यक्ती एकाच संभाषणात एकदा 'टेन मिनिट्स' म्हणते आणि एकदा 'टेम मिनिट्स'. घाई किती, जोर कुठे, ऐकणारा किती ओळखीचा, यावर ते ठरतं. फरक एवढाच की संस्कृतने संधी लिहूनही दाखवला, सज्जन आणि जगन्नाथ असे शब्द कागदावर आले. इंग्रजीने तो संधी तोंडात ठेवला आणि कागदावर जुनंच स्पेलिंग चालू ठेवलं. त्यामुळे वाचून इंग्रजी शिकलेल्या माणसाला तो कधी भेटतच नाही.

अगदीच कधी भेटत नाही असंही नाही म्हणा. 'ख्रिसमस' हा शब्द आपण ट न उच्चारता घेतला, 'कबर्ड' प न उच्चारता, आणि स्पेलिंगमध्ये ती अक्षरं आजही आहेत. 'हँडसम'मधला ड तर आता शब्दकोशातल्या उच्चारातूनही गेला आहे. हे सगळे पूर्वीचे लोप. पुढे ते पक्के झाले, एवढंच.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हे बदल कुठेही, कसेही होत नाहीत, त्यांची वाट अरुंद आहे. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचे मुख्यतः ट, ड आणि न हे ध्वनी सहज शेजाऱ्यासारखे होतात. पुढे प, ब, म आला की न-चा म होतो: ग्रीन पार्कचं 'ग्रीम पार्क'. पुढे क, ग आला की न-चा ङ् होतो: टेन गर्ल्सचं 'टेङ् गर्ल्स'. ट आणि ड तसेच वळतात, दॅट पेनचं 'दॅप पेन' होतं आणि गुड गर्लचं 'गुग गर्ल'. उलट दिशेने मात्र हे होत नाही. 'सेम डे' भरभर म्हणताना कुणी 'सेन डे' म्हणत नाही, म आपल्या जागी ठाम राहतो. ऐकणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. ब-च्या आधी म ऐकू आला तर तो मुळातला म असेल किंवा वेष बदललेला न. ड-च्या आधी म ऐकू आला तर तो म-च.

गळण्याचंही तसंच. ट किंवा ड दोन व्यंजनांच्या मध्ये सापडला की गळण्याची शक्यता मोठी, विशेषतः स, फ, न, ल यांपैकी एखाद्या ध्वनीनंतर: नेक्स्ट डेचं 'नेक्स डे', लेफ्ट लेगचं 'लेफ लेग', ओल्ड मॅनचं 'ओल मॅन'. पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ट गळत नाही, उलट पुढे सरकून त्या शब्दाला चिकटतो. 'लेफ्ट आर्म' कानाला 'लेफ टार्म' असं येतं. म्हणजे 'लेफ्ट' हा एकच शब्द पुढच्या शब्दाप्रमाणे दोन रूपांत भेटतो. तुम्ही त्याचं छापील रूप तेवढं ओळखत होतात, बोलण्यातलं दुसरं रूप ओळखीचं नव्हतं.

मग मातृभाषक ऐकणारा का गोंधळत नाही? कारण तो शब्दाचा निकाल थोडा लांबवतो. 1996 मध्ये गॅरेथ गास्केल आणि विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी याचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. 'लीन बेकन' ऐवजी 'लीम बेकन' ऐकवलं तर इंग्रजी भाषकांच्या मनात 'लीन' हा शब्द जागा होत होता, जणू काही बिघडलंच नाही. पण 'लीम गॅमन' ऐकवलं तर तो तसा जागा होत नव्हता. दोन्हीकडे 'लीम' तेच. फरक पुढच्या अक्षराचा: ब-मुळे न-चा म होऊ शकतो, ग-मुळे नाही. म्हणजे त्यांचा कान चुका माफ करत नव्हता, पुढचा ध्वनी पाहून मागचा तपासत होता.

वाचताना आपण डावीकडून उजवीकडे शब्द एकेक करून संपवत जातो. ऐकताना तसं केलंत तर 'हॅम' ऐकताक्षणी मन 'हॅम म्हणजे काय' म्हणून शोधायला धावतं आणि तेवढ्यात पुढचे चार शब्द निघून जातात. तुमचं निम्मं वाक्य निसटतं ते बहुतेक याच धावपळीत. अनोळखी आवाज आला की त्याला तसाच लटकत ठेवायचा, पुढचं व्यंजन येऊ द्यायचं, मग ठरवायचं. सुरुवातीला हे जाणूनबुजून करावं लागतं आणि फार अवघड वाटतं.

वेग कमी करण्याचा उपाय का चालला नाही, ते आता लक्षात आलं असेल. जो ध्वनी उच्चारलाच नाही तो ध्वनिमुद्रण ताणून परत येत नाही. पाऊण वेगाने ऐकलंत तर सावकाश हॅम्बॅग मिळतं. कधीकधी तर जिभेने आपलं काम केलेलं असतं, तरीही आवाज मिळत नाही. कॅथरिन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टीन या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने जिभेच्या हालचाली पाहिल्या. 'परफेक्ट मेमरी' हे शब्द सलग म्हणताना 'परफेक्ट'मधला ट कानाला ऐकू येत नव्हता, पण जिभेचं टोक ट-साठी वर गेलेलं स्पष्ट दिसत होतं. म-साठी ओठ आधीच मिटल्याने तो ट त्यांच्या आड दडला होता. बोलणाऱ्याला म्हणूनच प्रामाणिकपणे वाटतं की आपण सगळी अक्षरं उच्चारली. त्या बाईंना विचारलंत तर त्याही 'मी हँडबॅगच म्हणाले' असं सांगतील.

माझ्या वर्गातलं एक वाक्य सांगते. ध्वनिफितीत एक माणूस म्हणतो, 'दे मिस्ट द लास्ट बस अँड कुडन्ट बुक अ कॅब', म्हणजे त्यांची शेवटची बस चुकली आणि कॅबही ठरवता आली नाही. प्रत्यक्ष आवाज साधारण असा होता: 'दे मिस द लास बस ङ् कुड्म बुक अ कॅब'. एका हुशार विद्यार्थिनीने लिहिलं: त्यांची बस चुकते आणि ते कॅब ठरवू शकतात. अर्थ उलटा झाला, तरी ऐकण्यात तिने फारसं काही चुकवलं नव्हतं.

बघा, 'मिस्ट'चा ट स आणि द यांच्यामध्ये अडकून गळला, त्याबरोबर भूतकाळाची खूणच गेली. 'लास्ट'चा ट स आणि ब यांच्यामध्ये गळला, पण तिथे अर्थाला धक्का लागला नाही. 'अँड'चा ड गेला, स्वर गेला, उरलेला न पुढच्या क-मुळे ङ् झाला. शेवटी 'कुडन्ट'चा ट गेला आणि न पुढच्या ब-मुळे म झाला. त्या म-ला तिने 'बुक'ला जोडून आलेला नुसता हुंकार समजून सोडून दिलं.

नकार शोधायचा तो ट-मध्ये नाही. तो त्या जास्तीच्या ठोक्यात आहे. 'कुड बुक' दोन ठोक्यांत संपतं, 'कुड्म बुक'ला तीन लागतात. टेबलावर बोट आपटून म्हणून पाहा, लगेच जाणवेल. 'डिडन्ट', 'वुडन्ट', 'शुडन्ट' यांनाही हीच कसोटी लागू पडते. आणि भूतकाळ? 'मिस द'मध्ये तो खरोखरच हरवला, कुणाचाही कान तो तिथे शोधू शकला नसता. तो सापडतो पुढच्या 'कुडन्ट'मध्ये किंवा आधीच्या वाक्यात. अशा जागी कानाला दोष देत बसू नका, आजूबाजूच्या क्रियापदांकडे बघा.

'कॅन' आणि 'कान्ट' यांची जोडी मात्र वेगळी, कारण दोन्ही एकाच ठोक्याचे शब्द. त्यातही ब्रिटिश उच्चारात फारशी अडचण नाही, तिथे नकाराचा स्वर लांब 'आ' असतो. अमेरिकन उच्चारात नकारही 'कॅन्ट' असतो आणि तो शेवटचा ट घशातच दाबला जातो. अशा वेळी ट ऐकायचा प्रयत्न सोडा, स्वर ऐका. होकारातलं 'कॅन' वाक्याच्या मध्ये असलं की बारीक होतं, जवळजवळ 'क्न', आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: 'आय क्ङ् गो'. नकारात 'कॅ' पूर्ण, भरदार येतो. ऐकायला उफराटं वाटेल, पण अमेरिकन माणूस वाक्याच्या मध्ये स्वच्छ, ठसठशीत 'कॅन' म्हणाल्यासारखा वाटला तर तो बहुधा नकार असतो. अपवाद दोन आहेत. वाक्य 'कॅन'वरच संपत असेल, किंवा कुणी मुद्दाम ठासून 'होय, येतं मला' असं सांगत असेल, तर होकारातलं 'कॅन'ही पूर्ण उच्चारलं जातं. व्यवहाराचं बोलणं असेल आणि शंका राहिली तर सरळ विचारा. मातृभाषक मंडळीही या जोडीवर एकमेकांना थांबवून विचारतात.

आता सराव. तासभर मालिका लावून ठेवण्यापेक्षा दहा-पंधरा सेकंदांचा एक तुकडा घ्या. त्याचा शब्दशः उतारा मिळायला हवा. पडद्यावरच्या उपशीर्षकांवर विसंबू नका, जागा वाचवण्यासाठी त्यांत अनेकदा शब्द गाळलेले किंवा बदललेले असतात. तुकडा नेहमीच्या वेगाने तीनदा ऐका आणि जे कानावर पडलं ते देवनागरीत लिहा. अर्थ लागला नाही तरी लिहा, 'हॅम्बॅग' असेल तर 'हॅम्बॅग'च. देवनागरीचा आग्रह मी मुद्दाम धरते, कारण रोमन लिपी हातात घेतली की हात आपोआप स्पेलिंगकडे वळतो आणि खरं ऐकलेलं झाकलं जातं. मग उतारा शेजारी ठेवा. जिथे फरक पडेल तिथे दोनच प्रश्न विचारा: बदललेला किंवा गळलेला ध्वनी ट, ड, न यांपैकी आहे का, आणि त्याच्या पुढे कोणता ध्वनी आहे? बऱ्याच फरकांचं उत्तर इथे मिळेल. मिळालं की ते दोन-तीन शब्द स्वतः सावकाश म्हणा, मग वेग वाढवत न्या, त्या माणसासारखा आवाज येईपर्यंत. लगेच तोच तुकडा पुन्हा ऐका. दुसऱ्या दिवशी उतारा न पाहता आणखी एकदा ऐका.

उत्तर मिळालं नाही तर तिथे बहुतेक दुसरंच कारण असेल. 'टू', 'ऑफ', 'हॅव', 'देम' असे छोटे शब्द जोर नसताना इतके आक्रसतात की नवख्या कानाला ते अक्षरगळतीपेक्षाही जास्त छळतात. त्या जागा वहीत वेगळ्या नोंदवून ठेवा. तिथे न आणि ब यांचा नियम शोधत बसलात तर उगाच वैतागाल.

एक बदल मात्र वेगळा शिकून ठेवावा, कारण तो सतत येतो. पुढे 'यू' किंवा 'युअर' आलं की ट आणि य मिळून च होतो, ड आणि य मिळून ज होतो. 'डिड यू'चं 'डिजू', 'डोन्ट यू'चं 'डोन्चू'. बोलण्यात प्रश्न पुष्कळदा इथूनच सुरू होतात आणि प्रश्नाची सुरुवात हुकली की उत्तरही हुकतं.

राहिलं तुमच्या स्वतःच्या बोलण्याचं. तुम्ही 'हँडबॅग' स्पष्ट म्हणालात तर कुणाचं काहीही अडत नाही, तसंच म्हणा. हॅम्बॅग मुद्दाम घोटून आणू नका. वरच्या सरावात तोंडाने म्हणायला सांगितलं ते कानासाठी. बोलताना एवढंच जपा की सगळी अक्षरं उच्चारण्याच्या नादात मध्ये स्वर घुसू नये. 'लास्ट बस'चं 'लास्टअ बस' झालं की एक ठोका वाढतो. इंग्रजी ऐकणारा ठोके मोजत असतो, त्याला ते गळलेल्या ट-पेक्षा जास्त खटकतं. अशा जागी ट सोडून दिलेलाच बरा.

आणि नावं. आतापर्यंत सांगितलेलं सगळं ओळखीच्या शब्दांपुरतं आहे. 'हॅम्बॅग' ऐकून हँडबॅगपर्यंत पोचता येतं, कारण हॅम्बॅग नावाचा शब्दच नाही. आडनावाला ही सोय नसते. फोनवर 'ग्रीम्बर्ग' ऐकू आलं तर ते ग्रीनबर्ग असेल किंवा खरंच ग्रीम्बर्ग असेल, आणि ते नुसत्या कानाने ठरवणं मातृभाषकालाही जमत नाही. तिथे वेळ न घालवता स्पेलिंग विचारून घ्या.